हात चालत नसताना अँड्रॉइड फोन: आवाजाने चालवावा की स्विचने?

मीनल_पंचवटी
नमस्कार. माझा मोठा भाऊ (वय ४१, निफाडकडे द्राक्षबाग) चौदा महिन्यांपूर्वी पॅकिंग शेडच्या पत्र्यावरून पडला. मानेत सी५-सी६ला इजा झाली. खांदे हलतात, कोपर वाकतं, उजवं मनगट थोडं उचलतं, पण बोटं चालत नाहीत. सध्या आमच्याकडे पंचवटीत आहे.

फोन अँड्रॉइडचा आहे, वर्षभर जुना. मी प्ले स्टोअरवरून बोलून फोन चालवायचं व्हॉइस ॲक्सेस टाकून दिलं. दिवसा बरं चालतं, पण तीन अडचणी आहेत. संध्याकाळी कुकर, टीव्ही, पोरं सुरू झाली की दादाचं काही ऐकूच जात नाही. मराठीत मेसेज लिहायला गेलं की भलतंच उमटतं. आणि रात्री वहिनी शेजारच्या खोलीत झोपलेली असते, तिला उठवायला फोन लावायचा तर दादाला आधी ओरडून फोन जागा करावा लागतो. तो म्हणतो, एवढं ओरडायचं तर थेट तिलाच हाक मारतो की! त्याला आता एकच बटण दाबून फोन चालवायचं ते स्विचचं प्रकरण बघायचंय. कुणी वापरलंय का?

टेकवेडा_सिडको
ताई, सेटिंग्जमध्ये जाऊन टॉकबॅक चालू करा. फोन सगळं वाचून दाखवतो. माझ्या मामांना दिलंय, मस्त चालतं.

मीनल_पंचवटी
केलं चालू. आता एका टॅपचं काम दोन टॅपचं झालंय आणि फोन सारखा बडबडतोय. बंद कसं करू??

खांद्याने_टायपतो
आवाज वाढवायचं-कमी करायचं अशी दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरा. तो शॉर्टकट लावलेला असेल तर बंद होईल. नसेल तर सेटिंग्जमध्येच जावं लागेल: एकदा टॅप करून निवडायचं, मग दोनदा टॅप करून उघडायचं, सरकवायला दोन बोटं.

टेकवेडा, टॉकबॅक दिसत नाही त्यांच्यासाठी आहे हो. यांच्या दादाला दिसतंय, हात चालत नाहीत.

आता मुद्द्याचं. मी देवळालीत राहतो, माझीही इजा सी५-सी६च, नऊ वर्षं झाली. त्यामुळे दादाच्या तिन्ही अडचणी मला पाठ आहेत. व्हॉइस ॲक्सेसला आज्ञा इंग्रजीसारख्या मोजक्याच भाषांत देता येतात, मराठी चालत नाही. आणि मजकुराच्या चौकटीत असताना तुम्ही जे बोलाल ते तो इंग्रजी समजून लिहितो. 'मी घरी आलो'चं माझ्याकडे एकदा 'मेरी हॅलो' झालं होतं आणि ते गेलं होतं सासऱ्यांना.

मराठी लिहायचं असेल तर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा टाका आणि त्याच्या वरच्या पट्टीतला माईक वापरा. तो मराठी छान लिहितो. पण व्हॉइस ॲक्सेस ऐकत असताना हा माईक चालू केला की दोघांत ओढाताण होते, कारण दोघांनाही एकच माईक हवा असतो. म्हणून माझा अनेक वर्षांचा निष्कर्ष: बटणं दाबायची ती स्विचने, आणि बोलायचं ते फक्त मजकुरासाठी. आवाज की स्विच असा प्रश्नच नाही, दोघांत कामं वाटून द्या.

आबा_ओझर
सावध राहा. हे ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारे ॲप म्हणजे फ्रॉड. आमच्या कॉलनीत एकाचे खाते रिकामे झाले याच परवानगीमुळे. बँकेचे ॲपसुद्धा त्यामुळे उघडत नाही. ताबडतोब काढून टाका.

खांद्याने_टायपतो
आबा, निम्मं बरोबर आहे तुमचं. ती परवानगी मिळालेल्या ॲपला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. चोरांना तेच हवं असतं. पण हात नसलेल्या माणसालाही नेमकं तेच हवं असतं! परवानगी वाईट नाही, ती कुणाला दिली ते बघायचं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल टाकून तिला दिली तर खातं जाणारच. म्हणून तर अँड्रॉइड १३पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सरळ देताच येत नाही, मध्ये अडसर ठेवलाय. व्हॉइस ॲक्सेस आणि स्विच ॲक्सेस ही दोन्ही गुगलची, प्ले स्टोअरवरून घ्यायची.

बँकेच्या ॲपचं मात्र खरं आहे. काही ॲप्स ही परवानगी कुठेही चालू दिसली की उघडतच नाहीत. माझ्या बँकेचं असंच आहे. मी तक्रार केली, उत्तर आलं, 'आपल्या सुरक्षिततेसाठी'. पैसे मी अजूनही भावाच्या हातून भरतो.

सातपूरकर
स्विच म्हणजे फार काही नसतं. मोठं पुश बटण घ्यायचं, त्याला ३.५ एमएमची पिन लावायची आणि फोनच्या हेडफोनच्या भोकात खुपसायची. कंपनीतून जुनी मशिनची बटणं मिळतील, मी फुकट देतो.

ओटी_गंगापूररोड
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. सातपूरकर, बटण जरूर द्या, पण ते हेडफोनच्या भोकात चालणार नाही. तयार मिळणाऱ्या स्विचना ३.५ एमएमची पिन असते म्हणून हा गैरसमज होतो. फोनला आत यायला हवा तो कीबोर्डची कळ दाबल्याचा संकेत. त्यासाठी मध्ये एक छोटी डबी लागते, ब्लूटूथवाली किंवा ओटीजी केबलने जोडायची. ती डबी बटण दाबल्याचं 'स्पेस' किंवा 'एंटर' करून फोनला सांगते.

मीनल, सुरुवातीला यातलं काहीच विकत घेऊ नका. एमजी रोडला मोबाईलच्या दुकानांत सेल्फी काढायचा ब्लूटूथ रिमोट मिळतो, दीडशे-दोनशेच्या घरात. तो फोनला 'आवाज वाढवा'ची कळ म्हणून दिसतो आणि स्विच ॲक्सेसला ती कळ नेमून देता येते. महिनाभर त्यावर बघा. जमलं तर मग पक्कं बटण.

दोन गोष्टी आधीच सांगते. एक, ती कळ नेमली की फोनच्या बाजूचं आवाज वाढवायचं बटणही स्विचच होतं, कारण फोनच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. दोन, काही वेळ न वापरल्यास रिमोट झोपतो. मग पहिला दाब त्याला जागं करण्यात जातो, दुसरा लागू होतो. दादांना हे माहीत नसेल तर त्यांना वाटेल आपलंच चुकलं.

रिमोट कुठे ठेवणार?

मीनल_पंचवटी
उजव्या हाताखाली, गादीवर? म्हणजे हात टेकला की दाबला जाईल.

ओटी_गंगापूररोड
तिथे नको. टेकलेल्या हाताखाली कडक वस्तू ठेवायची नाही. तिथे स्पर्श कळत नसेल तर रात्रभरात कातडीला जखम होईल आणि त्यांना समजणारही नाही. शिवाय झोपेत दाबला जाऊन भलत्याच माणसाला फोन लागेल.

त्यांची सर्वांत खात्रीची हालचाल कोणती? कोपर वाकवणं. मग पडल्या जागी कोपर वाकवून मुठीची कड जिथे सहज पोचते, तिथे वाकणाऱ्या स्टँडवर रिमोट बांधा. हात परत गादीवर पडला की बटण सुटलं पाहिजे. रिमोटचं बटण बारीक आणि खोलगट असतं, म्हणून त्यावर बाटलीचं झाकण चिकटवा.

स्नेहा_इंदिरानगर
मध्येच विचारते. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे, हात थरथरतो, एकाच्या जागी तीनदा टॅप होतं. तिलाही स्विच लावावा का?

ओटी_गंगापूररोड
तिची बोटं पोचतात ना? मग आत्ताच नको. ॲक्सेसिबिलिटीमध्ये स्पर्श किती वेळ टिकला तर 'दाबून धरलं' समजायचं ते वाढवता येतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये लागोपाठचे स्पर्श सोडून द्यायचीही सोय असते. आधी ते करा. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे दादांचं राहून जाईल.

मीनल_पंचवटी
रिमोट आणला (१८० रुपये) आणि स्विच ॲक्सेस टाकलं. एकच स्विच, आपोआप पुढे सरकणारी चौकट असं निवडलं. चौकट एकेका गोष्टीवर जाते, हवी तिथे आली की दाबायचं. कल्पना दादाला लगेच कळली. पण दहापैकी सहा वेळा पुढचीच गोष्ट निवडली जाते. वेळ वाढवून तीन सेकंद केली तर चुका थांबल्या, पण व्हॉट्सॲपपर्यंत पोचेस्तोवर चहा गार होतो. किती ठेवायची?

खांद्याने_टायपतो
अंदाजाने ठेवू नका, मोजा. मोबाईलने व्हिडिओ काढा, ज्यात चौकट आणि दादाचा हात दोन्ही दिसतील. चौकट हव्या गोष्टीवर आली तिथपासून बटण दाबलं जाईपर्यंत किती फ्रेम गेल्या ते पुढे-पुढे करून मोजा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो. दहा वेळा करून सरासरी काढा, सेकंद करा आणि ०.६५ने भागा. येईल तो आकडा ठेवा.

सातपूरकर
०.६५च का? सरळ दुप्पट करा ना.

ओटी_गंगापूररोड
दुप्पट केली तरी चूक नाही, फक्त संथ होतं. भागाकाराचा हा ठोकताळा आमच्या क्षेत्रात जुना आहे. अर्थ असा की माणसाचा सरासरी वेळ हा चौकट थांबण्याच्या वेळेच्या ६५ टक्के असावा आणि उरलेला पस्तीस टक्के भाग कमी-जास्त होण्यासाठी मोकळा राहावा. ज्यांचा प्रतिसाद फार अनियमित असतो, त्यांना तेवढी मोकळीक पुरत नाही.

मीनल_पंचवटी
मोजलं! सकाळी सरासरी २७ फ्रेम, म्हणजे ०.९ सेकंद. भागलं तर १.३८, म्हणून १.४ ठेवली. दहापैकी नऊ बरोबर. पण रात्री नऊला पुन्हा मोजलं तर ३६ फ्रेम! म्हणजे १.२, भागून १.८५ येतं. एवढा फरक?

खांद्याने_टायपतो
असतोच. संध्याकाळी खांदा थकतो. थंडीत तर माझं आणखी वाढतं, आणि नाशिकची डिसेंबरातली पहाट तुम्हाला सांगायला नको. दिवसातून दोनदा सेटिंग बदलत बसू नका, रात्रीचाच आकडा ठेवा. वेळ कमी करून नाही, पायऱ्या कमी करून वेग येतो.

म्हणजे असं. दादाच्या मुख्य स्क्रीनवर किती गोष्टी आहेत ते मोजा. वर हवामान, मग सर्चची पट्टी, मग वीसेक ॲप. प्रत्येकीवर चौकट १.८ सेकंद थांबणार. विसाव्या गोष्टीला पोचायला ३६ सेकंद. ते सगळं काढा. सर्वांत वर डावीकडे वहिनींच्या नंबरचा थेट फोन लागणारा विजेट, त्याच्या शेजारी व्हॉट्सॲप, मग कॅमेरा, यूट्यूब, पुरे. बाकीचं दुसऱ्या पानावर.

मग चौकट एकेक न नेता आधी ओळ, मग ओळीतली जागा अशी न्यायला सांगा. कीबोर्डवर याचा फरक फार पडतो. चौथ्या ओळीतलं पाचवं अक्षर एकेक करत गेलं तर पस्तिसावं-छत्तिसावं येतं, मिनिटभर जातं. ओळीने गेलं तर चार अधिक पाच, नऊ पावलं, सोळा सेकंद. तरी मी अक्षरं लिहीतच नाही. जीबोर्डचा माईक पट्टीत असतो, तो पहिल्या ओळीत येतो. दाबायचा आणि मराठीत बोलायचं.

आणि एक बारकावा. एखादी गोष्ट निवडली की चौकट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिल्या गोष्टीवर माणूस हमखास चुकतो, कारण हात अजून परत येत असतो. म्हणून पहिल्या गोष्टीसाठी जास्तीचा थांबा देण्याची सेटिंग आहे, ती एक सेकंद करा. वहिनींचा नंबर पहिलाच असणार ना!

मीनल_पंचवटी
हे सगळं केलं. काल दादाने स्वतः व्हॉट्सॲपवर निफाडच्या गड्याला लिहिलं, 'उद्या सकाळी बागेत औषध मारायचं नाही, वारं आहे.' गडी म्हणाला, ताईंनी लिहिलं काय. दादा जाम खूश.

पण रात्रीचं जमत नाही. स्क्रीन बंद झाली की रिमोट दाबून काहीच होत नाही. दोनदा, तीनदा दाबलं तरी नाही. बॅटरी नवी टाकून बघितली.

सातपूरकर
बॅटरीचा दोष नाही. आवाजाच्या कळीने स्क्रीन जागी होत नाही, फोन खिशात असताना तसं झालं असतं तर वैताग आला असता ना. डेव्हलपर ऑप्शन्स चालू करा, त्यात `Stay awake` आहे. चार्जिंगला असेपर्यंत स्क्रीन बंदच होत नाही. रात्री चार्जरला लावून उजेड अगदी कमी ठेवा.

आबा_ओझर
रात्रभर चार्जिंगला? फोन तापेल.

सातपूरकर
उशीखाली ठेवला तर तापेल. स्टँडवर मोकळा आहे.

खांद्याने_टायपतो
मीही असंच करतो. फक्त एक लक्षात असू द्या, डेव्हलपर ऑप्शन्स चालू असलेल्या फोनवर काही बँकांची ॲप्स पुन्हा कुरकुर करतात.

स्क्रीन चालू असून चौकटच दिसेनाशी झाली, तर मात्र कारण वेगळं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स मारून टाकतात, त्यात स्विच ॲक्सेसही मरतं. सेटिंग्जमध्ये बघा, ते आपोआप 'बंद' झालेलं दिसेल. ॲपच्या बॅटरीच्या पानावर बंधन काढा आणि ऑटोस्टार्टची परवानगी असेल तर द्या. रात्री दोन वाजता हे कळण्यापेक्षा आत्ता करा.

टेकवेडा_सिडको
मागच्या वेळी माझं चुकलं, सॉरी. पण एक विचारतो, कॅमेऱ्याने का नाही करत? अँड्रॉइड १२पासून चेहऱ्याने होतं ना. भुवया उंचावल्या, हसलं, तोंड उघडलं की स्विच दाबल्यासारखं. रिमोटच नको.

ओटी_गंगापूररोड
आहे, आणि ज्यांची खांद्याची हालचालही नाही त्यांच्यासाठी मी तेच सुचवते. पण इथे गरज रात्रीची आहे. अंधारात कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही. शिवाय दादा मराठीत बोलून लिहितात. बोलताना तोंड उघडतंच, आणि गप्पा मारताना हसूही येतं. दोन्ही हालचाली वगळून भुवया तेवढ्या ठेवता येतील, आणि किती मोठी नि किती वेळ टिकलेली हालचाल धरायची तेही ठरवता येतं. बॅटरी मात्र भराभर उतरते. दिवसा खुर्चीत बसल्यावर दुसरा स्विच म्हणून करून बघायला हरकत नाही.

खांद्याने_टायपतो
मी सहा महिने केलं. घरचे म्हणायचे, तू सतत आमच्यावर आश्चर्य का व्यक्त करतोस. सोडून दिलं.

मीनल_पंचवटी
तीन आठवड्यांचा हिशेब देते. रात्री वहिनीला फोन: जमतंय, दोन दाबांत. मराठी मेसेज: जमतंय. कॉलरला अडकवलेला वायरवाल्या इयरफोनचा माईक कुणीतरी फिजिओने सुचवला, त्याने कमाल झाली. दादाचा आवाज इजेनंतर दमाने निघत नाही, आता तोंडाजवळ माईक असल्यामुळे हळू बोललं तरी उमटतं. फोनवर बोलायला स्पीकरही लावावा लागत नाही.

व्हॉइस ॲक्सेस ठेवलंय, पण दुपारी घर शांत असताना यूट्यूब बघण्यापुरतं. 'शो नंबर्स', 'टॅप सेव्हन', 'स्क्रोल डाउन', एवढ्यात त्याचं भागतं. अट एकच, स्क्रीन हलती असली की आकडे बदलतात आणि सातऐवजी जाहिरात उघडते.

अडलंय ते येणाऱ्या फोनवर. रिंग वाजते, चौकट फिरायला लागते, उत्तराच्या बटणापर्यंत पोचते तोवर निम्म्या वेळा फोन बंद होतो. व्यापाऱ्याचे फोन असतात हो.

खांद्याने_टायपतो
कारण रिंगच ३० सेकंदांची असते, ट्रायने २०१९मध्येच ठरवून दिलंय. त्यात तुमचा रिमोट झोपलेला, म्हणजे पहिला दाब वाया. कॉलची पट्टी वरून येते तेव्हा खालच्या स्क्रीनवरच्या गोष्टीही चौकटीच्या फेरीत असतात. एक पूर्ण फेरी हुकली की संपलं. मी परत फोन लावतो, लोकांना सवय झालीय.

सातपूरकर
काही फोनमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सेटिंग असते. रिमोट तीच कळ पाठवतो ना? मग चौकटीची वाटच बघायला नको, एक दाब आणि फोन उचलला!

ओटी_गंगापूररोड
पण ती कळ स्विच ॲक्सेसने आधीच अडवून धरलेली आहे. ती फोनच्या ॲपपर्यंत पोचेल का?

सातपूरकर
माझ्या फोनवर आत्ता लावून बघितलं. एकदा उचलला गेला, दोनदा नाही. पट्टी आली तेव्हा नाही, पूर्ण स्क्रीनवर कॉल आला तेव्हा उचलला. का ते कळत नाही.

मीनल_पंचवटी
दादाच्या फोनमध्ये ती सेटिंगच सापडत नाही. हेडसेट लावलेला असला की आपोआप उचलायची एक सोय दिसतेय, काही सेकंदांनी. इयरफोन तर लावलेलाच असतो.

खांद्याने_टायपतो
ती चालेल, पण मग कर्जवाल्यांचे आणि जाहिरातींचे फोनही उचलले जाणार, आणि ठेवायला पुन्हा चौकट. दादाला विचारा त्याला कुठला त्रास परवडतो.

मीनल_पंचवटी
विचारलं. म्हणतो, हंगामात लाव, एप्रिलनंतर काढ.

आबा_ओझर
अनोळखी नंबर ब्लॉक करण्याची सोय असते, ती लावा सोबत.

मीनल_पंचवटी
काका, व्यापारी दर आठवड्याला नव्या नंबरवरून फोन करतात. बघते तरी.

सातपूरकर
मी रविवारी पंचवटीत येतोय. जुना यूएसबी कीबोर्ड फोडून त्याच्या स्पेसच्या कळीच्या दोन वायरी बाहेर काढतो आणि मशिनचं बटण लावून ओटीजीने जोडतो. वायर असली की झोपण्याचा प्रश्न मिटेल. फक्त दाबून धरलं की फोन तीच कळ पुन्हा पुन्हा दाबली असं समजतो, त्याचं काय?

ओटी_गंगापूररोड
लागोपाठचे दाब सोडून द्यायची सेटिंग स्विच ॲक्सेसमध्येच आहे, अर्ध्या सेकंदापासून सुरू करा. आणि ओटीजी लावल्यावर चार्जिंग कुठून करणार ते बघून या. रात्री `Stay awake` त्यावरच अवलंबून आहे.

सातपूरकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. चार्जिंग आणि ओटीजी एकत्र चालणारा हब घेतो. सगळ्या फोनवर चालत नाही तो. दुकानदाराला बदलून देण्याच्या बोलीवरच घेईन.